ऑपरेटर विक्रीचा हिशेब नीट देत नाही, म्हणून हॉटेलचा करार मोडायचाय

प्रश्न: पुण्यात बाणेरला आमची स्वतःची जागा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये पाच वर्षांच्या मॅनेजमेंट अ‍ॅग्रीमेंटवर रेस्टॉरंट आणि परमिट रूम एका पार्टीला चालवायला दिली. महिन्याला अडीच लाख किंवा निव्वळ विक्रीच्या १२ टक्के, जे जास्त असेल ते. ७ तारखेपर्यंत बिलनिहाय रिपोर्ट द्यायचा असं कलम आहे, पण येतो २०-२२ तारखेला, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर एका पानाचा फोटो. विक्री लपवतोय याची खात्री आहे, पुरावा नाही. करार मोडता येईल का? तो म्हणतो तीन वर्षं लॉक-इन आहे. सरळ कुलूप लावलं तर?

उत्तर:

मोडता येईल. पण 'विक्री लपवली' हे कारण पहिल्या नोटिशीत घालू नका. लपवली म्हणालात की ते सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं, आणि त्यासाठी लागणारा प्रत्येक कागद त्याच्या काउंटरमागे असतो. उलट ७ तारखेचा रिपोर्ट २२ तारखेला आला, बिलनिहाय यादीऐवजी एका पानाचा फोटो आला, हे दाखवायला तुमचा फोन पुरतो. हॉटेल चालवायला दिल्याची प्रकरणं मी वीसेक वर्षं लढवतोय. मालक रागाच्या भरात पहिल्याच कागदावर 'अफरातफर' आणि 'फसवणूक' लिहून बसतो, आणि मग सगळा वाद रिपोर्ट सोडून त्या दोन शब्दांभोवती फिरतो. समोरचा वकील उभा राहून एवढंच विचारतो, "कोणत्या तारखेचं कोणतं बिल लपवलं?" तिथे आपल्याकडे सांगायला काही नसतं.

तुमची खात्री चुकीची आहे असं मी म्हणत नाही. बहुधा ती खरीच असेल. एक साधं गणित करून बघा. अडीच लाख म्हणजे किती विक्रीचे १२ टक्के? वीस लाख त्र्याऐंशी हजारांचे. महिन्याची विक्री याच्या खाली राहिली तर तो अडीच लाख देऊन मोकळा होतो. वर गेली की प्रत्येक जादा लाखामागे तुमचे बारा हजार निघतात. आता त्याने पाठवलेले सगळे फोटो काढा आणि आकडे एका कागदावर ओळीने उतरवा. साडेअठरा, एकोणीस चाळीस, वीस दहा, एकोणीस नव्वद, आणि एकही महिना त्या रेषेपलीकडे नाही, असं दिसलं तर काय समजायचं ते समजा. श्रावणात बाणेरसारख्या ठिकाणीही नॉनव्हेज आणि बार दोन्ही बसतात, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टेबल मिळत नाही. ज्याच्या कागदावर श्रावण आणि थर्टीफर्स्ट सारखेच, तो कागद विक्री बघून लिहिलेला नाही, रेषा बघून लिहिलेला आहे.

हा पुरावा नाही, पण ऑडिट कोणत्या महिन्यांचं मागायचं ते यातून कळतं. शिवाय डोकं थोडं थंडही होतं. समजा खरी विक्री २६ लाख आहे आणि तो साडेएकोणीस दाखवतो. साडेसहा लाख लपवले म्हणून मालक पेटून उठतो. तुमचं नुकसान मात्र २६ लाखांचे १२ टक्के, म्हणजे ३ लाख १२ हजार, वजा मिळालेले अडीच लाख, इतकंच. महिन्याचे ६२ हजार. मागणी करताना हाच आकडा येतो, साडेसहा लाख नाही. रेषेच्या खाली त्याने जे दडवलं त्यात तुमचा एक रुपयाही नाही.

आता त्याच्याकडून काय मागायचं ते बघू. तुमच्या करारात तो तुम्हाला टक्केवारी देतो, म्हणजे जीएसटी नंबर त्याचा असणार असं धरतो. बऱ्याच करारांत 'विक्रीसंबंधी भरलेल्या विवरणपत्रांच्या प्रती द्यायच्या' अशी एक ओळ असते. तुमच्यात आहे का बघा. नसली तरी पुस्तकं तपासायचा हक्क देणारं कलम असेलच. दर महिन्याचं जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, मागा. पोर्टलवरून उतरवलेली पीडीएफच हवी, अकाउंटंटने एक्सेलमध्ये करून दिलेला तक्ता नको.

ती पीडीएफ वाचायची एक खुबी आहे, आणि अनेक सीएसुद्धा घाईत तिथे चुकतात. हॉटेलची विक्री त्यात एका ठिकाणी नसते, तीन ठिकाणी विखुरलेली असते. टेबलावर बसून खाल्लेलं आणि काउंटरवरून नेलेलं पार्सल 3.1(a) मध्ये. स्विगी-झोमॅटोवरून गेलेलं 3.1.1(ii) मध्ये, कारण १ जानेवारी २०२२ पासून त्या विक्रीवरचा कर हॉटेलऐवजी ती कंपनी भरते. आणि बार 3.1(e) मध्ये, कारण दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट आहे. फक्त पहिला आकडा बघाल तर उगाच वाटेल की धंदा निम्म्यावर आलाय.

मार्च महिन्याचं उदाहरण घेऊ. त्याने तुम्हाला फोटोत निव्वळ विक्री १९,४०,००० लिहिली आहे. ३बी मध्ये पहिल्या रकान्यात ९,८०,०००, दुसऱ्यात ४,३५,०००, तिसऱ्यात ८,२०,०००. बेरीज २२,३५,०००. फरक २,९५,०००. इथेच 'सापडला!' म्हणून ओरडू नका. त्याला विचारा. तो म्हणेल, ऑनलाइनचे ४,३५,००० ही ग्राहकाने दिलेली रक्कम, कंपनीने कमिशन आणि जाहिरातीचे सव्वा लाख कापून मला ३,१०,००० दिले, मी तेवढेच धरले. त्याचं म्हणणं बरोबर की चूक हे करारातल्या 'निव्वळ विक्री'च्या व्याख्येवर ठरतं. व्याख्येत 'कर आणि सवलत वजा' एवढंच असेल तर कमिशन त्याचा खर्च आहे, तुमच्या टक्केवारीतून जायला नको. 'अ‍ॅग्रीगेटर कमिशन वजा', म्हणजे स्विगी-झोमॅटोचं कमिशन वजा, असं लिहिलं असेल तर तो बरोबर आहे. काहीच लिहिलं नसेल तर तो प्रामाणिक मतभेद ठरतो, आणि प्रामाणिक मतभेदावर करार मोडायला निघालात तर लवाद तुमच्याकडे वेड्यासारखं बघेल.

म्हणून सव्वा लाख त्याला सोडून द्या. तरी १,७०,००० उरतात, आणि त्यांना उत्तर नसतं. सरकारला एक आकडा आणि मालकाला दुसरा, दोन्ही त्याच्याच सहीचे. याला चोरी म्हणायची गरजही नाही. 'रिपोर्ट अचूक असेल' असं करारात लिहिलंय, तो अचूक नव्हता. मामला तिथेच संपतो.

एक सावधगिरी. पुष्कळ अकाउंटंट 3.1(e) रिकामाच सोडतात, कारण त्यावर कर भरायचा नसतो. तिथे शून्य दिसलं तर व्हॅटचं विवरणपत्र मागा. आणि जो तुमच्यापासून लपवतो तो सरकारपासूनही लपवत असेल, तर ३बी आणि फोटो तंतोतंत जुळतील. मग बाहेरच्या माणसाने तयार केलेला कागद शोधावा लागतो: अ‍ॅग्रीगेटरची महिन्याची स्टेटमेंट, कार्ड मशीन आणि यूपीआयची सेटलमेंट, दारूच्या खरेदीची बिलं.

दारूचा हिशेब सगळ्यात बोलका असतो. ७५० मिलीच्या बाटलीत तीस मिलीचे पंचवीस पेग निघतात. महिन्यात एका ब्रँडच्या २२० बाटल्या संपल्या तर ५,५०० पेग झाले. सांडलवंड तीन टक्के धरली तरी ५,३३५ पेगची बिलं दिसायला हवीत. लार्ज हा साठ मिलीचा, तो दोन मोजायचा, आणि कॉकटेलमध्ये गेलेलंही धरायचं. एवढं करून ३,९०० च दिसत असतील तर बाकीचे १,४३५ कुठल्या तरी खिशात गेलेत.

पण थांबा. परमिट रूमचं एफएल-३ लायसन्स कोणाच्या नावावर आहे? तुम्ही लिहिलेलं नाही, पण जागामालकाच्या नावावर असणं हीच सर्वसाधारण पद्धत. तसं असेल तर एक्साइजच्या लेखी परमिट रूम चालवणारे तुम्हीच, आणि ऑपरेटरची माणसं नोकरनाम्यावर, म्हणजे एक्साइजकडे, नोंदवलेली तुमची नोकर. मग "बारमध्ये हिशेबाबाहेर दारू विकली जाते" असं तुम्ही वकिलाच्या नोटिशीत लिहिलंत, तर ती तुमच्याच लायसन्सवरच्या गैरप्रकाराची तुमच्याच सहीची कबुली झाली. तो ती नोटीस उचलून एक्साइजच्या ऑफिसात नेऊन देईल. माझ्या डोळ्यांदेखत असं झालंय. जीएसटी नंबर तुमचा असेल तर हीच गत, दडवलेल्या विक्रीवरचा कर आणि दंड आधी तुमच्या दारात येतो. पेगचं गणित ऑडिटरच्या फाइलमध्ये ठेवा, नोटिशीत नको. नोटिशीत फक्त 'बार स्टॉकचा आणि विक्रीचा तपशील दिलेला नाही' एवढंच. लायसन्स तुमचं असेल तर नोटीस काढण्याआधी एक्साइजचं काम करणाऱ्या माणसाला तासभर बसवून रजिस्टरं दाखवून घ्या.

आता तुमची कमकुवत बाजू. इतके महिने तो २२ तारखेला फोटो पाठवत होता आणि तुम्ही अडीच लाख घेत होतात. कधी 'ओके' लिहिलं असेल, कधी हात जोडलेला इमोजी. तो म्हणणार, ७ तारीख कागदावर होती, व्यवहारात दोघांनी २२ धरली होती. भारतीय करार कायद्याचं कलम ५५ इथे आडवं येतं: ठरल्या वेळेनंतर केलेलं काम तुम्ही मुकाट स्वीकारलं, तर उशिराबद्दलची भरपाई मागता येत नाही, स्वीकारतानाच तसं कळवलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून जुन्या उशिरांवर करार मोडायला जाऊ नका. आधी घड्याळ परत लावा.

त्यासाठी एक पानाचं साधं पत्र पुरतं, वकिलाच्या लेटरहेडवर नसलं तरी चालतं. करारात नोटिशीसाठी जो पत्ता आणि जी पद्धत दिली आहे, तिनेच पाठवा. पोस्टाने लिहिलं असेल तर पोस्टाने, ईमेल लिहिलं असेल तर तेही. मजकूर असा काहीसा:

"आजवर आपले मासिक अहवाल करारातील मुदतीनंतर व अपूर्ण स्वरूपात मिळत आले आहेत. ते आम्ही स्वीकारले, याचा अर्थ मुदत किंवा स्वरूप बदलण्यास आम्ही संमती दिली असा नाही. पुढील महिन्यापासून अहवाल ७ तारखेपर्यंत, बिल क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, सवलत, रद्द बिले व पैसे मिळाल्याचा मार्ग यांच्या तपशिलासह, बिलिंग सिस्टिममधून काढलेल्या फाइलच्या स्वरूपात मिळावा. यापुढे स्वीकारलेली प्रत्येक रक्कम आमचे हक्क राखून स्वीकारली जाईल."

या पत्रात राग नको. 'भाडं' हा शब्दही नको, आणि तो कुठल्याच कागदावर नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये परवानाधारकाच्या व्याख्येतून, मालकाचा चालू धंदा चालवणारा माणूस मुद्दाम बाहेर ठेवला आहे. तुमचं पारडं त्यावरच तर जड आहे. पण तुम्ही त्याला देता त्या इन्व्हॉइसवर तुमच्या अकाउंटंटने 'रेंट' टाइप केलं असेल, किंवा बँकेच्या नोंदीत 'बाणेर शॉप भाडं' येत असेल, तर उद्या तो भाडेकरू असल्याचा दावा लावून स्मॉल कॉज कोर्टात जाईल. मागची इन्व्हॉइस आजच काढून बघा.

पत्रानंतर दोन महिने जाऊ द्या. घाई करू नका. या काळात ऑडिटचं कलम वापरा, कारण करार मोडण्याचं सगळ्यात भक्कम कारण बहुतेक वेळा इथूनच येतं. ठाण्यातल्या एका मालकाची गोष्ट सांगतो. कराराप्रमाणे सात दिवस आधी लेखी कळवून आमचा ऑडिटर सकाळी अकराला हजर झाला. मॅनेजरने चहा दिला, गोड बोलला, आणि म्हणाला, "सर, सिस्टिम कालपासून डाउन आहे, इंजिनिअर येतोय." ऑडिटर शहाणा. वाद न घालता कोपऱ्यातल्या टेबलावर बसून राहिला. दुपारी एक चाळीसला किचनच्या खिडकीतला प्रिंटर कर्रकर्र करत सुरू झाला आणि सहा नंबरच्या टेबलाची केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, बाहेर आली. त्याने वेळ लिहिली, टेबल नंबर लिहिला, स्वतःसाठी एक थाळी मागवली, तिचं छापील बिल घेतलं आणि तिथेच बसून दोन पानांचा अहवाल लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. सिस्टिम डाउन असताना निघालेलं ते बिल आमच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं होतं. पुढे लवादापुढे विक्री किती लपवली यावर फारसं बोलायची वेळच आली नाही.

त्याच प्रकरणात मालकाच्या भाच्याने आधी तिथे दोनदा जेवून बिलं जपून ठेवली होती. ३ मार्चच्या दुपारचं बिल ४११२ नंबरचं, १७ मार्चच्या दुपारचं ५०२०. चौदा दिवसांत ९०८ बिलं, म्हणजे दिवसाला पासष्ट. रिपोर्टमध्ये सरासरी एक्केचाळीस होती. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलांचे नंबर सलग असावे लागतात, म्हणून ही युक्ती चालते. मात्र बार, पार्सल आणि टेबल यांची मालिका वेगळी असू शकते, त्यामुळे दोन्ही बिलं एकाच मालिकेतली हवीत. नंबराच्या आधीची अक्षरं जुळतात का ते बघा. तुम्ही स्वतः जेवायला जाऊ नका, तुम्हाला बघितलं की सगळी बिलं व्यवस्थित निघतात.

ऑडिटला तुमच्या नेहमीच्या सीएला पाठवू नका. हॉटेलचं बिलिंग माहीत असलेला माणूस हवा. त्याला रद्द केओटी, सेटल झाल्यावर दुरुस्त केलेली बिलं, 'एनसी' म्हणजे बिनपैशाची बिलं आणि डे-एंडच्या, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद केल्याच्या, वेळा मागायला सांगा. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोणाच्या खात्याचा आहे, हे त्याने स्वतः दहा रुपये पाठवून बघावं. मॅनेजरच्या मेहुण्याचं नाव स्क्रीनवर आलं की स्क्रीनशॉट काढावा. व्हॉट्सअ‍ॅप चॅट, स्क्रीनशॉट, एक्सपोर्ट केलेल्या फाइली हे सगळं पुढे पुरावा म्हणून द्यायचं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावं लागतं. ते फाइल मिळाली त्याच दिवशी काढून ठेवा. फोन बदलताना चॅट गेलं म्हणून रडणारे मालक मी कमी पाहिलेले नाहीत.

बिलिंग सॉफ्टवेअर क्लाउडवरचं असेल तर अकाउंट कोणाच्या नावाने आहे हे विचारा. त्याच्या नावाने असेल तर नोटीस मिळाल्याच्या रात्री तो डेटा पुसू शकतो. म्हणून फक्त-बघण्याचं लॉगिन करारात असेल तर ते नोटिशीआधी घ्या आणि मागची वर्षं उतरवून ठेवा. दुसऱ्याचा पासवर्ड वापरून शिरू नका, तो वेगळाच गुन्हा होतो.

यानंतर खरी नोटीस, त्रुटी दूर करण्याची. तुमच्या करारात किती दिवस दिलेत ते बघा, बहुधा पंधरा किंवा तीस. या नोटिशीत मोघम लिहिलं की घात होतो. 'रिपोर्ट व्यवस्थित द्यावेत' असं लिहिलंत तर चौदाव्या दिवशी तो तीनशे पानांचा गठ्ठा आणून टाकेल आणि म्हणेल, घ्या, त्रुटी दूर झाली. काय मिळालं म्हणजे त्रुटी दूर झाली असं धरू, हे तुम्हीच कलमवार लिहायचं: अमुक महिने ते अमुक महिने, बिलनिहाय यादी सिस्टिमच्या मूळ फाइलमध्ये, रद्द बिलांची वेगळी यादी, त्याच महिन्यांची ३बी आणि व्हॅटची विवरणपत्रं, अ‍ॅग्रीगेटरची स्टेटमेंट, आणि अमुक तारखेला ऑडिटरला सकाळी अकरा ते सहा सिस्टिम उघडून देणे. पाच गोष्टी मागितल्या आणि तीन आल्या, तर दोन आल्या नाहीत हे शाळेतल्या पोरालाही दिसतं. त्याच नोटिशीत मार्चचे १,७०,००० शांतपणे मांडा आणि विचारा, हा फरक कशाचा. आरोप नको, प्रश्न हवा. करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मागितल्यावर बरोबर हिशेब देणं एजंटावर बंधनकारक असतं. तो तुमच्यासाठी धंदा चालवतो असं करारावरून निघत असेल तर हे कलमही लिहा, नाहीतर सोडून द्या.

मुदतीत त्याने सगळं खरंच दिलं तर? तर करार मोडता येणार नाही, आणि मोडूही नये. तुम्हाला डेटा मिळाला, थकबाकी मागा. पुन्हा सहा महिन्यांनी तेच सुरू झालं आणि करारात 'वारंवार भंग' असं कलम असेल तर दुसऱ्या वेळी मुदत द्यावी लागत नाही. असं कलम सगळ्या करारांत नसतं, नीट वाचा.

लॉक-इनबद्दल. लॉक-इन म्हणजे कारण नसताना कोणी सोडून जायचं नाही. भंगामुळे करार संपवण्याचं कलम सहसा त्यातून वगळलेलं असतं. 'कलम अमुक वगळता' अशी ओळ असेल. नसेल, आणि लॉक-इनमध्ये 'कोणत्याही कारणास्तव नाही' असे शब्द असतील, तर जरा अवघड आहे, कोणाला तरी करार समोर ठेवून दाखवा. मला लॉक-इनपेक्षा दुसऱ्या गोष्टीची जास्त धास्ती वाटते. इंटिरिअर कोणी केलं? त्याने चाळीस लाख घालून किचन आणि बार बांधला असेल तर सुविधाधिकार कायद्याचं, म्हणजे ईझमेंट्स अ‍ॅक्टचं, कलम ६० त्याच्या मदतीला येऊ शकतं: परवान्यावर विसंबून स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केलेल्याचा परवाना सहजी काढून घेता येत नाही. करारात उलट काही ठरलं असेल तर ते चालतं. म्हणून 'करार संपल्यावर केलेल्या कामाचा मोबदला मागणार नाही' अशी ओळ आहे का ते शोधा.

त्याची अनामत तुमच्याकडे असेलच. भंग झाला म्हणून ती सगळी जप्त, असं लिहू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. '१२ टक्क्यांतील फरक आणि न भरलेली बिलं वजा जाता उरलेली अनामत हिशेब पूर्ण झाल्यावर ताबडतोब परत' असं लिहिलंत तर न्यायाधीशाला तुम्ही समंजस दिसता, आणि ऑपरेटरलाही निघून जायला वाट दिसते. निम्मी प्रकरणं मी अशीच मिटलेली पाहिली आहेत, अनामतीच्या चेकवर.

मुदत संपली, पाचातल्या दोन गोष्टी आल्या नाहीत, की करार संपवल्याची नोटीस. ती छोटी ठेवा: कोणतं कलम, कोणती नोटीस, काय आलं नाही, कोणत्या तारखेपासून करार संपला, कोणत्या दिवशी ताबा द्यायचा. नवीन आरोप इथे घुसडू नका. त्यानंतर त्याने खात्यात अडीच लाख टाकलेच, तर त्याच दिवशी कळवा की ही रक्कम वापराबद्दलची म्हणून, हक्क राखून घेतली, करार पुन्हा चालू झालेला नाही.

आता कुलूप. रात्री शटर ओढून नवीन कुलूप लावलंत तर सकाळी तो विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दावा लावू शकतो. ताबा कायदेशीर मार्गाशिवाय काढून घेतला एवढंच त्याला दाखवायचं असतं, मालकी कोणाची हे त्यात बघतच नाहीत. सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा असतो. ताबा मुळात माझाच होता, तो फक्त चालवत होता, असं तुम्ही म्हणाल, आणि कदाचित जिंकालही. पण तोवर हिशेब न देणारा माणूस पीडित ठरलेला असेल, आत त्याचा माल सडलेला असेल आणि त्याचं बिल तुमच्या नावावर फाटलेलं असेल.

करारात लवादाचं कलम असेल तर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज करा. मागणी तीन गोष्टींची: बिलिंगचा डेटा जपून ठेवावा आणि उघड करावा, रोजची विक्री वेगळ्या खात्यात जमा करावी, आणि रिसीव्हर, म्हणजे धंद्यावर कोर्टाने बसवलेला माणूस, नेमावा. पहिल्या दोन तुलनेने सहज मिळतात. रिसीव्हर मिळाला तरी तुम्हाला लगेच चावी मिळेल असं समजू नका. बऱ्याचदा कोर्ट ऑपरेटरलाच रिसीव्हरचा एजंट म्हणून चालवू देतं, दरमहा ठरलेली रक्कम भरायला लावून. मालकांना याचा फार राग येतो. पण त्या दिवसापासून रोजचा हिशेब कोर्टाला द्यावा लागतो, आणि लपवाछपवी करणाऱ्याला ते तीन महिन्यांत नकोसं होतं. कलम ९ चा आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो, ती तारीख डायरीत लाल शाईने लिहा. स्टँपही तपासा. कमी मुद्रांकावर केलेला करार रद्द होत नाही, पण कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुरावा म्हणून अडकतो.

लवादाचं कलम नसेल तर व्यावसायिक न्यायालय. मॅनेजमेंट अ‍ॅग्रीमेंटचा वाद त्या कायद्यात नावानिशी आहे. तातडीचा अंतरिम आदेश मागत नसाल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, ती टाळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो.

आणि ताबा ज्या दिवशी मिळेल त्या दिवसाची तयारी आधीच करून ठेवा. वीज आणि गॅसच्या मीटरचे फोटो, बारमधल्या प्रत्येक ब्रँडच्या सीलबंद आणि फुटलेल्या बाटल्यांची मोजणी रजिस्टरशी लावून दोघांच्या सह्या, नोकरनाम्यावरून त्याच्या माणसांची नावं काढायचा अर्ज, एफएसएसएआय आणि शॉप अ‍ॅक्टचे मूळ कागद, अ‍ॅग्रीगेटरवरच्या लिस्टिंगचं बँक खातं बदलायचं पत्र, आणि हॉटेलचा मोबाइल नंबर. तो नंबर सगळे विसरतात. बुकिंग त्यावर येतात, ओटीपी त्यावर येतात, आणि सिम बहुतेक वेळा ऑपरेटरच्या मॅनेजरच्या नावावर असतं.